वॉर्डन सर आणि कॉम्प्युटर सेंटरला खुलं पत्र: कन्सोलला लॉगिन पान नको, नोंदणीचा फॉर्म द्या

मा. वॉर्डन सर आणि कॉम्प्युटर सेंटरमधले सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी नेरूळच्या आपल्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये राहतो, तिसऱ्या वर्षाला आहे. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण ही अडचण माझ्या एकट्याची नाही, बी विंगमध्ये निदान प्रत्येक मजल्यावर एखादा गेम कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन नाहीतर निन्टेंडो स्विच आहे आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, वाय-फाय कनेक्ट होतं पण नेट चालत नाही. कंप्लेंट रजिस्टरमध्ये लिहिलं तर उत्तर येतं की लॉगिन पेज उघडा, रोल नंबर पासवर्ड टाका, चालेल. मोबाइल आणि लॅपटॉपला ते उत्तर बरोबर आहे. कन्सोलला नाही, आणि का नाही ते मला नीट मांडायचंय, कारण मला मनापासून वाटतं की हे तुमच्याकडून सहज सुटण्यासारखं आहे, फक्त चुकीच्या टोकाने धरलं जातंय.

आपल्या वाय-फायला जोडलं की डिव्हाइसला आयपी अ‍ॅड्रेस लगेच मिळतो, पण गेटवे, म्हणजे हॉस्टेलचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधलं दार, त्याला बाहेर सोडत नाही. डिव्हाइसने पहिली साधी एचटीटीपी रिक्वेस्ट केली की गेटवे ती मधेच पकडतो आणि उत्तर म्हणून आपलं लॉगिन पान पाठवतो. आपण रोल नंबर टाकला की गेटवे त्या डिव्हाइसचा मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डचा ओळख नंबर लिहून ठेवतो आणि मग त्या मॅककडून येणारं सगळं जाऊ देतो. म्हणजे गेटवेच्या दृष्टीने शेवटी ओळख असते ती मॅकची, पान हे फक्त तो मॅक कोणाचा ते विचारायचं साधन आहे. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं होतं, कारण मॅक कोणाचा ते पान न दाखवताही विचारता येतं.

आता पीएस५ घ्या. त्याच्या मेन्यूत ब्राउझर नावाचं अ‍ॅपच नाही. पीएस४ मध्ये होतं, पीएस५ मध्ये नाही. माझ्या मित्राने नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन टेस्ट केली तेव्हा काय दिसलं ते सांगतो, कारण तुमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं तर याच्यावरून दोन मिनिटांत निदान होतं. आयपी अ‍ॅड्रेस मिळवणे, सक्सेसफुल. इंटरनेट कनेक्शन, फेल्ड. सिग्नल कमी असता किंवा पासवर्ड चुकला असता तर मुळात आयपीच मिळाला नसता नाहीतर मिळायला रडला असता. आयपी पटकन मिळाला आणि इंटरनेट लगेच नापास, आणि त्याच खोलीत त्याच वेळी मोबाइल मस्त चालतोय, तर समजायचं की गेटवे पान दाखवायला बघतोय आणि समोर ते पान उघडायला कोणी नाहीये. काही मुलं सेटिंगमधली यूजर गाइड उघडून मागच्या दाराने ब्राउझर मिळवायचा प्रयत्न करतात. गाइडचं ते पान एचटीटीपीएसवर असतं त्यामुळे गेटवेने मधेच हात घातला की सर्टिफिकेटची तक्रार येते, कधी जमतं कधी नाही, त्यावर कोणाला अवलंबून ठेवणं बरोबर नाही.

स्विचचं वेगळं आहे आणि मला वाटतं तिथेच तुमच्या टीमचा गैरसमज होतोय, कारण स्विचवर लॉगिन पान खरोखर उघडतं. माझा रूममेट जळगावचा, त्याच्या मामांनी त्याला स्विच दिला. तो हॉस्टेलच्या वाय-फायला जोडला की स्विच आधी स्वतःच्या टेस्ट सर्व्हरला साध्या एचटीटीपीवर विचारून बघतो की मी बाहेर पोचतोय का, उत्तरात भलतंच पान आलं की त्याला कळतं आणि स्क्रीनवर मेसेज येतो की या नेटवर्कसाठी नोंदणी लागेल. नेक्स्ट दाबलं की एक छोटा ब्राउझर उघडतो, रोल नंबर पासवर्ड टाकायचा, झालं, स्विच म्हणतो कनेक्टेड. तुमच्या सरांनी एकदा खोलीत येऊन इथपर्यंत स्वतः बघितलं आणि चालतंय की म्हणून गेले. खरी गंमत नंतर आहे. आपल्या लॉगिन पानावर खाली लिहिलेलं असतं की हे पान बंद करू नका. ते पान दर थोड्या वेळाने गेटवेला कळवत असतं की हा माणूस अजून आहे, आणि ते कळवणं थांबलं की गेटवे माणूस गेला असं धरून लॉगआउट करतो. लॅपटॉपवर आपण तो टॅब मागे उघडा ठेवतो. स्विचचा तो छोटा ब्राउझर मात्र फक्त लॉगिनपुरता असतो, टेस्ट पास झाली की तो आपोआप बंद होतो, परत उघडून मागे ठेवायची सोयच नाही. त्यामुळे सरांची पाठ वळते, पोरगा गेम सुरू करतो, आणि थोड्या वेळात ऐन मॅचमध्ये कनेक्शन जातं.

हे सिग्नलमुळे होतंय की लॉगआउटमुळे ते कसं ओळखायचं तेही सांगतो. गेम तुटली की लगेच `System Settings` मध्ये जाऊन `Internet`, मग `Test Connection`. सिग्नल खराब असेल तर टेस्ट पूर्ण होते पण डाउनलोडचा आकडा रडका येतो. लॉगआउट झालं असेल तर आकडा येतच नाही, परत तोच नोंदणी लागेल वाला मेसेज येतो. आमच्या खोलीत कायम दुसरा प्रकार असतो, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवून हे सुटणार नाही.

एक्सबॉक्समध्ये एज ब्राउझर आहे, तिथे लॉगिन होतं, पण गेम लावली की ब्राउझर मागे पडतो आणि गाडी परत तिथेच अडते. शिवाय आपल्याकडे एका आयडीवर ठरावीक लॉगिन आहेत, कन्सोलवर आयडी टाकला की लॅपटॉप बाहेर फेकला जातो, मग असाइनमेंट अपलोड करायची असेल तर पुन्हा उलटं करायचं.

मग मुलं काय करतात, तर लॅपटॉप हॉस्टेलच्या वाय-फायला लॉगिन करून ठेवतात आणि त्यावर विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून कन्सोल त्याला जोडतात. गेटवेला फक्त लॅपटॉपचा मॅक दिसतो, कन्सोल त्याच्या मागे लपतो, पान बिन काही लागत नाही. चालतं, पण याची किंमत कन्सोल नसलेली मुलंही मोजतात आणि म्हणून मला हे तुमच्या लक्षात आणून द्यायचंय. प्रत्येक असा हॉटस्पॉट म्हणजे हवेत अजून एक वाय-फाय. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रेडिओ एकच, तो तेच चॅनल वापरून एकदा हॉस्टेलच्या अ‍ॅक्सेस पॉइंटशी बोलतो आणि एकदा कन्सोलशी, म्हणजे तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि त्या चॅनलवरच्या बाकीच्यांना तेवढा वेळ थांबावं लागतं. रात्री जेवणानंतर मोबाइलवर वाय-फायची यादी उघडून बघा, हॉस्टेलच्या नावाखाली कोणाकोणाच्या लॅपटॉपची नावं रांगेने दिसतात. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोल्यांत लेक्चरचा व्हिडिओ अडकतो ही तक्रार तुमच्याकडे येत असेलच, त्यातला काही वाटा या हॉटस्पॉटचा आहे.

दुसरा प्रकार जास्त वाईट. एक्सबॉक्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पर्यायी मॅक अ‍ॅड्रेस टाकायची सोय आहे, तिथे काहीजण आपल्या लॅपटॉपचा मॅक टाकतात, लॅपटॉपवर लॉगिन करायचं, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करायचं, एक्सबॉक्स चालू करायचा. दोन्ही चुकून एकाच वेळी चालू राहिले की एकाच मॅकची दोन डिव्हाइस नेटवर्कवर येतात, उत्तरं कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे जातात आणि दोघांचंही तुटत राहतं, आणि तुमच्या लॉगमध्ये तर काहीच धड कळत नाही. मुलांनी हे करू नये हे मला मान्य आहे, मी स्वतः ज्युनियर्सना सांगतो करू नका म्हणून, पण समोरचं दार बंद असलं की हे होणारच.

म्हणून मागणी अशी आहे. कन्सोल, स्मार्ट टीव्ही असल्या ब्राउझर नसलेल्या डिव्हाइससाठी एक नोंदणी फॉर्म सुरू करा. विद्यार्थ्याने लॅपटॉपवरून आपल्या आयडीने लॉगिन करून त्यात डिव्हाइसचा प्रकार, खोली नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस भरायचा, तुम्ही तो मॅक गेटवेवर सोडायचा, सेमिस्टर संपलं की नोंद आपोआप रद्द. एका विद्यार्थ्याला एक किंवा दोन डिव्हाइस, जे तुम्हाला योग्य वाटेल ते. कन्सोलसाठी ही पद्धत मोबाइलपेक्षा जास्त बरी बसते, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक नेटवर्कला खोटा, वेगळा मॅक दाखवतात म्हणून मोबाइलची मॅकवर नोंदणी केली की घोळ होतो, कन्सोल तसं करत नाहीत, त्यांचा मॅक फॅक्टरीतून आलेला तोच राहतो.

आपल्याकडे कुठला गेटवे आहे ते तुम्हालाच ठाऊक, पण यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागेल असं मला वाटत नाही. पीएफसेन्सच्या कॅप्टिव्ह पोर्टलमध्ये मॅकची वेगळी यादीच असते आणि तिथे प्रत्येक मॅकपुढे अपलोड डाउनलोडची मर्यादाही टाकता येते. मिक्रोटिकचा हॉटस्पॉट असेल तर एका ओळीचं काम आहे, उदाहरणासाठी मॅक मनाने टाकलाय:

```
/ip hotspot ip-binding add mac-address=AA:BB:CC:11:22:33 type=bypassed comment="B-214 Switch"
```

फक्त इथे एक सांभाळायचं. असा सोडलेला डिव्हाइस हॉटस्पॉटच्या यूजर प्रोफाइलमधून जातच नाही त्यामुळे तिथे लावलेली स्पीड लिमिट त्याला लागत नाही. त्याला डीएचसीपीमध्ये कायमचा आयपी बांधून द्यायचा आणि त्या आयपीवर स्पीड मर्यादेची वेगळी क्यू लावायची. काही फायरवॉलमध्ये लॉगिनशिवाय सोडायची सोय मॅकवर नसून आयपीवर असते, तिथेही हाच मार्ग, आधी मॅकला आयपी बांधा, मग आयपी सोडा. आणि हाताने एकेक ओळ टाकायचा कंटाळा असेल तर पॅकेटफेन्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात विद्यार्थ्याने स्वतः डिव्हाइस नोंदवायचं पान तयारच मिळतं. कॉम्प्युटर आणि आयटी ब्रँचची आम्ही काही मुलं तुमच्या देखरेखीखाली ते बसवायला, टेस्ट करायला बसू, त्याचे मार्क नकोत, सर्टिफिकेट नको.

फॉर्ममध्ये चुका कुठे होतील तेही आधीच सांगतो म्हणजे पहिल्याच आठवड्यात तुमच्या खिडकीशी रांग लागायला नको. कन्सोलला मॅक एकच नसतो. पीएस५ मध्ये वाय-फायचा वेगळा आणि केबलचा वेगळा, एक्सबॉक्समध्येही वायर्ड आणि वायरलेस असे दोन, आणि मुलं घाईत वरचा दिसेल तो लिहितात. फॉर्ममध्येच विचारा की वाय-फायवर वापरणार की खोलीतल्या लॅन पोर्टवर, आणि त्याखाली कुठे बघायचं ते लिहा. स्विचवर तो `System Settings` मध्ये `Internet` उघडलं की `System MAC Address` म्हणून समोरच दिसतो. पीएस४ वर `System Information`, पीएस५ वर `Console Information`, एक्सबॉक्सवर नेटवर्कच्या `Advanced settings` मध्ये. सगळ्या नोंदीत बारा अक्षरं असतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, बस. म्हणजे कोणी इंग्रजी ओ लिहिला असेल तर तो शून्यच आहे, फॉर्मने तिथेच अडवावं. कोलन की डॅश याने फरक पडू नये, फॉर्मने ते काढून टाकावं. आणि मॅकची पहिली सहा अक्षरं कंपनीला दिलेली असतात, ती जाहीर यादीत बघता येतात, त्यामुळे कोणी कन्सोल म्हणून लॅपटॉपचा मॅक भरला तर तुम्हाला बहुतेक वेळा कळेल.

बहुतेक वेळा म्हणालो कारण मॅक नक्कल करता येतो, हे तुम्ही मला पहिल्या मिनिटाला सांगाल आणि ते खरं आहे. कोणी दुसऱ्याच्या नोंदवलेल्या कन्सोलचा मॅक लॅपटॉपला लावून फुकट घुसू शकतो. म्हणून नोंदवलेली डिव्हाइस वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये टाका जिथून फक्त बाहेरचं इंटरनेट मिळेल, कॉलेजचा ईआरपी, लायब्ररी सर्व्हर, प्रिंटर काहीच दिसणार नाही. मग मॅक चोरून मिळणार काय, तर थोडं स्लो इंटरनेट, जे त्याला स्वतःच्या आयडीने असंही मिळतंय. जबाबदारीच्या बाजूने बघितलं तर आजची स्थिती उलट जास्त अडचणीची आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. आज तुमच्या लॉगमध्ये एका लॅपटॉपचा मॅक दिसतो आणि त्याच्या हॉटस्पॉटमागे कोण कोण होतं ते काहीच दिसत नाही. नोंदणी झाली तर प्रत्येक कन्सोलच्या मॅकपुढे रोल नंबर असेल.

वॉर्डन सर, तुमची काळजी वेगळी आहे ते माहिती आहे, पोरं रात्रभर खेळत बसतील आणि नेट सगळं खाऊन टाकतील. दुसऱ्या भागाचं उत्तर असं की ऑनलाइन गेम खेळताना डेटा फार कमी जातो, तासाला साधारण शंभर एमबीच्या आसपास, तेवढ्या वेळात एचडी व्हिडिओ बघणारा दोन-तीन जीबी वापरतो. जड असतं ते गेम डाउनलोड आणि अपडेट, ते एकेक पन्नास-शंभर जीबीचे असतात, आणि त्यासाठीच ती वेगळी व्हीलॅन कामाची, तिच्यावर संध्याकाळी मर्यादा घट्ट ठेवा, पहाटे सैल करा, आम्ही अपडेट रात्री लावून झोपू. रात्री अमुक वेळेनंतर बंद ठेवायचं तर तेही त्या एका व्हीलॅनवर तुम्हाला करता येईल, आज हॉटस्पॉटमागच्या कन्सोलवर तुमचा काहीच ताबा नाही. परीक्षेच्या आठवड्यात पूर्ण बंद ठेवलं तरी आमची तक्रार नसेल, आधी नोटीस लावा एवढंच.

अजून एक गोष्ट आणि ही खरंच महत्त्वाची आहे. पुढच्या वर्षी लॉगिन पान काढून सगळ्यांना आपापल्या आयडी पासवर्डने थेट वाय-फायला जोडायची पद्धत येणार असं ऐकतोय, म्हणजे डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज. मोबाइल लॅपटॉपसाठी ते फारच चांगलं, रोज रोज पान उघडायची कटकट जाईल, कॉलेजांमधलं एज्युरोम वाय-फायही असंच चालतं. पण पीएस४, पीएस५, स्विच, एक्सबॉक्स यातलं कोणीच एंटरप्राइज वाय-फायला जोडू शकत नाही, त्यांना फक्त साधा पासवर्डवाला वाय-फाय कळतो. आज निदान स्विचवर पान उघडतं, उद्या नेटवर्कच जोडलं जाणार नाही, आणि हॉटस्पॉट अजून वाढतील. त्यामुळे टेंडर काढताना एक दुसरं नेटवर्क नाव त्यात धरा ज्यात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा वेगळा पासवर्ड मिळतो. कोणी त्याला आयपीएसके म्हणतं, कोणी डीपीएसके, कोणी एमपीएसके, मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये ही सोय असते. कन्सोलला तो घरच्या वाय-फायसारखा दिसतो, एकदा पासवर्ड टाकला की विषय संपला, आणि तुम्हाला पासवर्डवरून विद्यार्थी कळतो. असं झालं तर वरचा मॅकचा फॉर्मही नंतर लागणार नाही. पण हे टेंडरमध्ये आत्ता लिहिलं गेलं तरच, हार्डवेअर आल्यावर लक्षात आलं तर परत दोन-तीन वर्षं आहे तेच.

काहीजण विचारतील की हॉस्टेलमध्ये कन्सोल हवाच कशाला. माझा रूममेट आठवड्याभरात एकदा रविवारी जळगावच्या शाळेतल्या मित्रांबरोबर खेळतो, एक पुण्यात आहे, एक अजून तिकडेच आहे, गप्पा गेमच्या निमित्तानेच होतात. आमच्या मागच्या विंगमध्ये मोबाइलला रेंज धड नाही, म्हणून स्वतःच्या डेटावर चालवायचं म्हटलं तर तेही होत नाही. आम्ही हॉस्टेलची फी भरतो त्यात इंटरनेट धरलेलं आहे आणि नियमावलीत कन्सोलला मनाई नाही. मनाई करायची असेल तर तशी नोटीस लावा, आम्ही त्यावर वेगळं बोलू. पण परवानगी आहे आणि चालत नाही ही अवस्था कोणाच्याच सोयीची नाही.

सुरुवात छोटी करायची तरी चालेल. फक्त बी विंग, एक महिना. कोणाकडे कुठलं डिव्हाइस, वाय-फायचा मॅक काय, ही यादी मी आणि फ्लोअर रिप्रेझेंटेटिव्ह मिळून तयार करतोय, स्क्रीनचे फोटो सोबत जोडतोय म्हणजे अक्षर चुकलं असेल तर तुम्हाला ताडून बघता येईल. सोमवारी दुपारी लेक्चरनंतर कॉम्प्युटर सेंटरला आणून देतो. त्या वेळी सर्व्हर रूमचे सर भेटू शकतील का, एवढं कळवावं.

आपला नम्र,
बी विंगमधला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी
नेरूळ, नवी मुंबई